पुढील भागात आपण पाहू...

मागच्या महिन्यात एका शनिवारी माझ्या आतेभावाचा फोन आला. आम्ही त्याला दादाच म्हणतो, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. आवाजात अगदी कौतुक वगैरे. "अरे, ते होमलोनचं काम करून टाकलं बरं का! बोनसचे पाच लाख भरले. ईएमआय चांगला साडेचार हजारांनी खाली आला."

मी गारच. म्हटलं, "दादा, ईएमआय कशाला कमी केलास? मुदत कमी करायची होती ना! मी एवढा लांबलचक लेख लिहिला होता त्यावर, तुला पाठवला होता."

"वाचला की!"

"मग?"

"म्हणजे... सुरुवात वाचली. तू लिहिलंयस ना, तिसऱ्या भागात ईएमआय की मुदत ते सांगतो म्हणून. मग मी तिसरा भाग शोधत होतो, तेवढ्यात बँकेतल्या माणसाने फॉर्म पुढे केला."

आता आधी मला रागच आला. माणूस पाच लाखांचा चेक फाडतो आणि दहा मिनिटं लेख वाचू शकत नाही! पण फोन ठेवल्यावर सहज म्हणून तो लेख उघडला, दादाच्या नजरेने वाचायला लागलो, आणि हळूहळू राग कोणावर काढायचा ते कळायला लागलं. लेखाचा पहिला परिच्छेद जसाच्या तसा देतो. लाज वाटते, पण देतो.

"प्रस्तुत लेखात गृहकर्जाची अंशतः परतफेड या महत्त्वाच्या विषयाचा आपण आढावा घेणार आहोत. सर्वप्रथम ईएमआय म्हणजे काय हे समजून घेऊ. त्यानंतर व्याजाची आकारणी कशी होते ते पाहू. तिसऱ्या भागात जादा रक्कम भरल्यावर ईएमआय कमी करावा की मुदत कमी करावी, या कळीच्या प्रश्नाचा ऊहापोह करू. चौथ्या भागात करसवलतीचा विचार करू आणि शेवटी काही निष्कर्ष मांडू."

त्रेपन्न शब्द. पाच वाक्यं. मोबाईलवर हे वाचून होईपर्यंत स्क्रीन संपते, आणि एवढं वाचल्यावर दादाला गृहकर्जाबद्दल काय नवीन कळलं? शून्य. उलट एक वाईट गोष्ट झाली. ईएमआय, व्याज, मुदत, करसवलत हे सगळे शब्द डोळ्याखालून गेल्यामुळे आपण काहीतरी वाचलं असं त्याला वाटलं. आणि शिखर म्हणजे "तिसऱ्या भागात" असं मी छातीठोकपणे लिहिलं होतं खरं, पण लेखात भागांना आकडेच घातले नव्हते! सलग चार हजार शब्द. बिचाऱ्याने तिसरा भाग शोधायचा कुठे?

तर मंडळी, माझं म्हणणं सरळ आहे. मोठ्या लेखांत आपण जी "आता आपण हे पाहू, मग ते पाहू, मग निष्कर्ष काढू" छापाची वाक्यं पेरतो, त्यातली बहुतेक वाचकासाठी नसतातच. ती लिहिणाऱ्याच्या सोयीची असतात. कच्चा आराखडा करताना ती उपयोगी पडतात, आणि इमारत उभी राहिल्यावर आपण परांची उतरवायला विसरतो. वर त्याला शिष्टाचार म्हणतो. (या लेखात मी पुढे काय काय सांगणार आहे ते मी सांगणार नाही, काळजी नसावी.)

ही सवय लागते कुठून? माझ्यापुरतं सांगायचं तर इंजिनीयरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्ट रिपोर्टपासून. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी "अहवालाची रचना" असा एक तुकडा असायचाच. प्रकरण दोनमध्ये पूर्वीचं काम, प्रकरण तीनमध्ये डिझाईन, प्रकरण चारमध्ये टेस्टिंग. हे प्रत्येक ग्रुपच्या रिपोर्टमध्ये तंतोतंत सारखं असे, कारण सगळ्यांनी ते एकाच सीनियरच्या फाईलमधून उचललेलं असे. शोधनिबंधांतही प्रस्तावनेच्या शेवटी "उर्वरित निबंधाची मांडणी अशी आहे" हे वाक्य येतंच. तिथे त्याला थोडंफार कारण तरी आहे. निबंध तपासणारा माणूस तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत नाही, तो उड्या मारतो. त्याला "प्रयोग विभाग चारमध्ये" एवढं कळलं की तो थेट चारवर जातो. आणि हो, तिथे विभागांना आकडे असतात!

दुसरा उगम भाषणाचा. काय सांगणार ते आधी सांगा, मग ते सांगा, मग काय सांगितलं ते सांगा, हा सल्ला प्रेझेंटेशनच्या प्रत्येक ट्रेनिंगमध्ये मिळतो. भाषणाला तो लागूही पडतो, कारण ऐकणाऱ्याला मागचं पान उलटता येत नाही. त्याचं लक्ष क्षणभर खिडकीबाहेर गेलं की वाक्य गेलं ते गेलंच. आपल्याकडे कीर्तनकार हे उत्तम जाणतात. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात विषयाचं निरूपण होतं, मग उत्तररंगात आख्यान लागतं, आणि त्या सांध्यावर बुवा श्रोत्यांना हाताला धरून पलीकडे नेतात. ज्ञानेश्वरीतसुद्धा श्रोत्यांना पुन्हा पुन्हा हाक मारून पुढच्या विषयाकडे वळवलेलं आहे. समोर बसलेल्या माणसांशी बोलण्याची ती रीत आहे. पण लेखाच्या वाचकाला अंगठा असतो! त्याला वर जाता येतं, खाली जाता येतं, कंट्रोल-एफ मारता येतं. बोलण्याची कुबडी आपण उचलून लेखाला लावली, आणि लेख धडधाकट असूनही लंगडायला लागला.

आता या बाजूने बोलणारे लोक अगदीच बिनबुडाचे नाहीत, हे मान्य केलं पाहिजे. आमच्या ऑफिसात एक जण आहे, टेक्निकल रायटिंगमधला, वाचन दांडगं. त्याला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "वाचकाला आधी चौकट दिली की समजतं जास्त, यावर प्रयोग झालेत. उगाच काहीतरी बोलू नकोस."

प्रयोग झालेत हे खरं आहे, आणि सगळ्यात प्रसिद्ध प्रयोग खरंच भारी आहे. १९७२ साली ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन या दोघांनी लोकांना एक उतारा ऐकवला. त्यात साधारण असं होतं की वस्तूंचे वेगवेगळे गट करायचे, एका वेळी फार घ्यायच्या नाहीत, सोय नसेल तर दुसरीकडे जावं लागतं, झालं की पुन्हा गट करायचे आणि जागच्या जागी ठेवायच्या. शब्द सगळे सोपे, पण कशाबद्दल चाललंय काही कळत नाही. एका गटाला आधीच सांगितलं की हा उतारा कपडे धुण्याबद्दल आहे. दुसऱ्या गटाला हे उतारा संपल्यावर सांगितलं. तिसऱ्याला सांगितलंच नाही. मग उताऱ्यातल्या १८ कल्पनांपैकी किती आठवतात ते मोजलं. काहीच न सांगितलेल्यांना सरासरी २.८ आठवल्या. आधी सांगितलेल्यांना ५.८, म्हणजे दुप्पट! आणि नंतर सांगितलेल्यांना? २.६५. म्हणजे न सांगितल्यासारखंच.

माझा मित्र इथे थांबतो आणि विजयी मुद्रेने चहा पितो. पण जरा नीट बघा. आधी सांगितलं काय होतं? "कपडे धुणे". एवढंच. "सर्वप्रथम आपण गट करण्याचा विचार करू, त्यानंतर प्रमाणाचा आढावा घेऊ, शेवटी पुनर्गटनाकडे वळू" असं सांगितलं असतं तर काय झालं असतं? ऐकणारा तितकाच अंधारात राहिला असता, किंबहुना अजून थोडा जास्त. कामाला आली ती उताऱ्यातल्या वाक्यांना अर्थ देणारी एक बाहेरची गोष्ट, जी ऐकणाऱ्याला आधीपासून माहीत होती. सगळ्यांनी कपडे धुतलेले (किंवा निदान धुताना पाहिलेले) असतात. ते आठवलं आणि प्रत्येक वाक्य आपापल्या खुंटीवर बसलं. पुढच्या मजकुराची क्रमवार यादी म्हणजे अशी खुंटी नव्हे. त्यामुळे या प्रयोगातून मी काय शिकतो, तर शीर्षक आणि पहिलं वाक्य यांत विषय लपवू नका. कविता करून "मृगजळामागे" असं शीर्षक देऊ नका, गृहकर्ज असेल तर गृहकर्ज म्हणा. त्रेपन्न शब्दांच्या आराखड्याचं समर्थन मला त्यात कुठे दिसत नाही.

यापेक्षा गंमत दुसऱ्या नावाची आहे. आधी चौकट द्या म्हणणारे लोक डेव्हिड ऑसुबेल या मानसशास्त्रज्ञाचं नाव हमखास घेतात. १९६० साली त्याने कार्बन स्टीलच्या गुणधर्मांवरचा सुमारे अडीच हजार शब्दांचा उतारा विद्यार्थ्यांना दिला. त्याआधी काहींना एक छोटं टिपण वाचायला दिलं होतं, आणि त्या विद्यार्थ्यांना उतारा नंतर जरा बरा आठवला. पण टिपणात काय होतं? शुद्ध धातू आणि मिश्रधातू यांच्यात साम्य काय, फरक काय. म्हणजे पुढचं स्टील ज्यात बसवायचं तो मोठा कप्पा. पुढे काय काय येणार याची यादी त्यात नव्हती. आणि खुद्द ऑसुबेलने हे नंतर बजावून सांगितलं की त्याच्या कल्पनेतलं टिपण म्हणजे मजकुराचा सारांश किंवा धावता आढावा नव्हे. ज्याच्या जिवावर आपण "प्रस्तुत लेखात" लिहितो, तोच म्हणतोय की बाबांनो, हे ते नाही!

यादीची खरी अडचण वेळेची आहे. ती वाचकाच्या हातात पडते तेव्हा त्याला तिचा उपयोग नसतो, आणि उपयोग होईल तेव्हा ती त्याला आठवत नसते. माझ्याच लेखात बघा. "व्याजाची आकारणी कशी होते ते पाहू" हे वाचताना दादाला आकारणी महत्त्वाची का आहे तेच माहीत नाही. ते त्याला कळणार लेखाच्या मध्यावर, जेव्हा दिसेल की व्याज दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावर लागतं आणि म्हणून आज भरलेला रुपया पुढची सगळी वर्षं व्याज वाचवतो. तोपर्यंत ते वाक्य म्हणजे नुसतं नाव. आणि अशी पाच नावं त्याने डोक्यात धरून ठेवायची, ज्यांचा एकमेकांशी संबंध अजून सांगितलेलाच नाही. अशा सुट्या गोष्टी माणूस एका वेळी चारेक धरू शकतो असा नेल्सन कोवनचा २००१ सालचा हिशोब आहे, आणि इथे तर वाचता वाचता धरायच्यात. वाचक शहाणा असतो. तो धरतच नाही. तो परिच्छेद डोळ्यांनी ओलांडतो आणि कुठे खरं काही सुरू होतंय ते शोधतो. तुम्हीही तेच करता, मीही तेच करतो. स्टीव्हन पिंकरने २०१४ च्या "द सेन्स ऑफ स्टाईल"मध्ये याच सवयीला धारेवर धरलंय. त्याचा मुद्दा असा की अशी वाक्यं समजून घ्यायला लागणारे कष्ट त्यांच्यामुळे वाचणाऱ्या कष्टांपेक्षा जास्त असतात.

आपल्या धंद्यातली दोन उदाहरणं देतो, म्हणजे पटेल. पहिलं सगळ्यांनी कोड रिव्ह्यूमध्ये पाहिलेलं:

```
i = i + 1;   // i मध्ये १ मिळवला
```

ही कॉमेंट पाहून आपण रिव्ह्यूमध्ये काय लिहितो ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण तोच माणूस (म्हणजे मीच) घरी येऊन लेखात "आता आपण व्याजाकडे वळू" असं लिहितो, आणि पुढचं वाक्य व्याजाबद्दलच असतं! वळतोय हे वळल्यावर दिसतंच की.

दुसरं उदाहरण जुनं आहे. टेलनेटच्या जमान्यात तुम्ही एक कळ दाबली की एक बाइट माहिती निघायची, आणि तिच्यावर टीसीपी आणि आयपीचे मिळून ४० बाइटचे हेडर चढायचे. ४१ बाइटच्या पाकिटात माल एक बाइट. गर्दीच्या नेटवर्कवर अशा रिकाम्या पाकिटांनीच रस्ता तुंबायचा. १९८४ साली जॉन नेगलने यावर उपाय मांडला. आधीच्या पाकिटाची पोच येईपर्यंत छोटे छोटे तुकडे साठवायचे आणि एकाच हेडरखाली पाठवायचे. हेडर त्याने उडवले नाहीत, ते लागतातच. फक्त प्रत्येक हेडरमागे पुरेसा माल असेल असं बघितलं. लेखाचंही तेच करता येतं. "आता आपण व्याजाकडे वळू. व्याजाची आकारणी हा एक रंजक विषय आहे. व्याज दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावर लागतं." या तीन वाक्यांत माल तिसऱ्यात आहे. मग "व्याज मात्र दर महिन्याला उरलेल्या मुद्दलावर लागतं" एवढंच लिहा. त्या "मात्र"ने वळण दाखवलं, आणि वाक्याने कामही केलं.

हा "मात्र" महत्त्वाचा आहे. पण, म्हणून, तरीही, उलट, म्हणजे, हे शब्द मी उडवा म्हणत नाहीये. दोन वाक्यांचं नातं काय, हे वाचकाला स्वतः ओळखायला लावणं हा खरा उद्धटपणा. लेख वाचताना माणूस अडखळतो तो बहुतेक वेळा इथेच. "म्हणून" हवा होता तिथे काहीच नसतं, किंवा तिथे नुसताच "आणि" असतो. विचित्र म्हणजे, ज्या लेखात "पुढील भागात आपण पाहू" पाच वेळा असतं त्यातच हे छोटे शब्द गायब असतात. मोठ्या चौकात कमान उभारली, आणि गल्लीच्या तोंडाशी पाटी नाही.

बरं, मग आराखड्याची वाक्यं कधीच नकोत का? तसं नाही. दादाच्या प्रकरणानंतर मी तो लेख घेऊन बसलो आणि असली सगळी वाक्यं शोधली. पद्धत अगदी गावठी आहे. एडिटरमध्ये एकेक शब्द टाकायचा: "पुढे", "वर", "आता", "पाहू", "वळू", "पाहिल्याप्रमाणे", "सविस्तर". माझ्या लेखात एकतीस वाक्यं निघाली. ती सगळी एका प्रतीतून काढून टाकली आणि ती प्रत दोन दिवसांनी वाचली. जिथे खरोखर ठेच लागली तिथेच वाक्य परत घातलं. किती परत घालावी लागली? चार. आणि त्या चारांनी मला जास्त शिकवलं, कारण काय उपयोगी पडतं ते त्यांच्यात दिसलं.

पहिलं होतं विषयांतराच्या तोंडाशी. लेखात मध्येच मी पगारवाढ आणि महागाईबद्दल दोन परिच्छेद लिहिले होते. पाटी काढल्यावर मलाच कळेना हा माणूस गृहकर्ज सोडून कुठे चालला. तिथे "हे विषयांतर वाटेल, पण आजचा ईएमआय दहा वर्षांनी जड वाटेल की हलका हे यावर ठरतं" असं लिहिलं. लक्षात घ्या, हे वाक्य नुसतं थांबा म्हणत नाही, का थांबायचं ते सांगतं. वाचकाला शंका येणार हे दिसत असेल आणि उत्तर यायला वेळ असेल, तर एवढा शब्द त्याला देणं लागतोच.

दुसरं मोजदादीचं. "मुदत कमी करू नये अशा दोनच परिस्थिती आहेत." दोन हा आकडा वाचकाला डोक्यात ठेवायला जड नाही, आणि दुसरी संपली की मुद्दा संपला हे त्याला आपोआप कळतं. पण हे दोन-तीनपर्यंतच. "पुढील नऊ मुद्दे" म्हटलं की चौथ्यापाशी कोणीच मोजत नाही.

तिसरं मागे बोट दाखवणारं. आधी मी "वर पाहिल्याप्रमाणे यामुळे फायदा होतो" असं लिहिलं होतं. यात वाचकाने वर जायचं, नेमकं काय पाहिलं ते शोधायचं आणि परत यायचं. त्याऐवजी "मुदत कमी केल्याने जे ४२ हप्ते वाचले, त्यातूनच हा फायदा येतो" असं केलं. मागची गोष्ट सोबत घेऊन आलं की वाचकाला मागे पाठवायला नको.

चौथं सगळ्यात अवघड गेलं. "करसवलतीबद्दल पुढे सविस्तर" असं एक वाक्य होतं. ते काढलं तर ठेच लागत होती, ठेवलं तरी खटकत होतं. बराच वेळ घालवल्यावर कळलं की दोष वाक्यात नव्हताच. करसवलतीची माहिती मी चुकीच्या जागी ठेवली होती. जी गोष्ट वाचकाला इथे लागते ती मी तीन पानांनंतर दिली होती, आणि ते झाकायला ही पाटी लावली होती. परिच्छेद उचलून वर आणला आणि पाटी आपोआप गळाली. म्हणजे परत घातलेली शेवटी तीनच राहिली. तेव्हापासून माझा नियम झालाय: लेखात "याबद्दल पुढे सविस्तर" दिसलं की तो बग समजायचा. दहापैकी आठ वेळा क्रम चुकलेला असतो.

आणि हो, ज्या लेखात लोक उड्याच मारणार आहेत, म्हणजे संदर्भासाठी वाचायचा, पंचवीस पानांचा, प्रत्येकाला वेगळा भाग हवा असा, तिथे सरळ अनुक्रमणिका द्या. शीर्षकं द्या, त्यांना आकडे द्या, क्लिक केलं की तिथे जाता येईल असं करा. आणि शीर्षकात उत्तरच लिहा. "ईएमआय की मुदत?" यापेक्षा "ओढाताण नसेल तर मुदत कमी करा" हे शीर्षक नुसतं चाळणाऱ्यालाही काहीतरी देऊन जातं. मात्र अनुक्रमणिकेलाच वाक्यांचे कपडे चढवून पहिल्या परिच्छेदात बसवू नका. तिथे ती धड यादी राहत नाही आणि धड गद्यही होत नाही.

या सगळ्यानंतर पहिला परिच्छेद पुन्हा लिहिला, तो असा:

"गृहकर्जात जादा रक्कम भरल्यावर बँक विचारते: ईएमआय कमी करू की मुदत? घरखर्चाची ओढाताण नसेल तर मुदत कमी करा. ५० लाखांच्या कर्जात तीन वर्षांनी ५ लाख भरले, तर या एका उत्तराने पुढच्या एकूण व्याजात सुमारे पावणेनऊ लाखांचा फरक पडतो. हा फरक कुठून येतो, आणि कोणत्या परिस्थितीत हा सल्ला ऐकू नये, ते पुढे आहे."

बावन्न शब्द. आधीच्यापेक्षा एक कमीच. (हिशोब तपासणाऱ्यांसाठी: २० वर्षं, साडेआठ टक्के, हप्ता ४३,३९१ रुपये. तीन वर्षांनी ५ लाख भरून हप्ता तोच ठेवला तर उरलेले २०४ हप्ते साधारण १६२ वर येतात. मुदत तीच ठेवली तर हप्ता सुमारे ३८,७५० होतो, पण तो २०४ महिने भरावा लागतो. दर बदलला नाही असं धरलंय. आणि दर महिन्याला वाचणारे साडेचार हजार कोणी नेमाने चांगल्या ठिकाणी गुंतवणार असेल, तर हा फरक बराच भरून निघतो. अशी शिस्त असलेला माणूस मला अजून भेटायचाय.)

शेवटचं वाक्य आराखड्याचंच आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेल. पण ते आता चालतं. त्याच्या आधी उत्तर देऊन झालंय, त्यामुळे "फरक कुठून येतो" हा प्रश्न वाचकाचा स्वतःचा झालाय. आणि इथेच वाचणं सोडलं तरी दादाचं नुकसान होत नाही. माझ्या मते कसोटी हीच. वाचक या वाक्यानंतर उठून गेला, तर त्याच्या हातात काय असेल? विषयांची नावं, की एखादी कामाची गोष्ट?

यावर एक हमखास येणारा आक्षेप: उत्तर पहिल्याच परिच्छेदात दिलं तर लोक पुढे वाचतील कशाला? अहो, नाही वाचणार काही जण. रहस्यकथा थोडीच आहे ही. ज्यांना नुसतं उत्तर हवं होतं त्यांना ते मिळालं. ज्यांना शंका आहे ते आता त्या शंकेसकट पुढे वाचतील, आणि तेच खरे वाचक. उत्तर दाबून ठेवून, "ऊहापोह करू" म्हणून वाचकाला चौथ्या पानापर्यंत ओढत नेता येतं या भ्रमात मी होतो. ओढला कोणीच गेला नाही. ज्याच्यासाठी लेख लिहिला तोच पहिल्या पानावरून परतला.

दादाला नवा परिच्छेद पाठवला. पाच मिनिटांत फोन. "हे असं आधी लिहायला काय झालं होतं रे तुला?"

काय बोलणार? सोमवारी अर्धा दिवस रजा टाकून दोघं त्याच्या बँकेत जातोय, मुदतीचं अजून काही करता येतं का विचारायला. वहिनीने सांगितलंय, बोलायचं मी, दादाने नाही. तिथे मात्र "सर्वप्रथम" म्हणून सुरुवात करणार नाही.